रिक्रूटरचा निरोप आला, उत्तर काय द्यायचं?

‘तुमचं प्रोफाइल पाहिलं. पुण्यातल्या एका नामांकित कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा आहे. बायोडेटा, सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पीरियड कळवा.’ लिंक्डइनवर असा निरोप आला की बरेच जण त्याच दमात सगळं पाठवून मोकळे होतात. माझं म्हणणं, बायोडेटा जरा थांबू द्या.

असा निरोप पुष्कळदा कंपनीचा नसतो, कन्सल्टन्सीचा असतो. पाठवलेला उमेदवार रुजू झाला की कन्सल्टन्सीला कंपनीकडून मोबदला मिळतो, म्हणून बायोडेटा सगळ्यांआधी पोचवायची तिला घाई असते. नाव न विचारता तुम्ही दोन कन्सल्टन्सींना बायोडेटा दिलात आणि दोघींनी तो एकाच जागेसाठी पाठवला, तर मोबदला कोणाचा, हा वाद उभा राहतो. काही कंपन्या ती कटकट नको म्हणून उमेदवारालाच बाजूला ठेवतात. त्याला मात्र हे कळतही नाही.

समजा, चाकणच्या कारखान्यात क्वालिटी पाहणाऱ्या एका इंजिनिअरला वरचा निरोप आला. जागेच्या वर्णनात ‘सप्लायरकडे जाऊन रिजेक्शन कमी करणे’ असं आहे. तिचं उत्तर असं असावं:

‘नमस्कार, निरोपाबद्दल आभार. मी सहा वर्षं ब्रेकच्या कास्टिंगची क्वालिटी पाहते. गेल्या वर्षी तीन सप्लायरांकडे जाऊन दोषांचं मूळ शोधलं आणि रिजेक्शन 4 टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणलं. कंपनीचं नाव, कामाचं ठिकाण आणि पगाराची मर्यादा कळवाल का? नाव कळलं की बायोडेटा पाठवते; मला विचारल्याशिवाय तो पुढे देऊ नये, ही विनंती. नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे. गुरुवारी सहानंतर फोनवर बोलता येईल.’

यात कर्तबगारीचं एकच वाक्य आहे, आणि ते त्या जागेच्या वर्णनातूनच निवडलंय. सगळा अनुभव ओतला असता तर हे वाक्य त्यात हरवलं असतं. नोटीस पीरियड मोकळेपणाने सांगितलाय, कारण जागा तातडीने भरायची असेल तर गाडी तिथेच अडते. सध्याचा पगार मात्र सांगितलेला नाही. तो आधी कळला की पुढची बोलणी त्याच आकड्याभोवती फिरतात.

नाव गुप्त ठेवायचंय, असं उत्तर आलं तर लगेच संशय घेऊ नये. त्या खुर्चीवर आज कोणी बसलेलं असताना बदली शोधली जात असेल. फोनवर नाव विचारावं, आणि ते कळेपर्यंत बायोडेटा आपल्याकडेच ठेवावा. नोंदणी किंवा ट्रेनिंगसाठी पैसे मागितले, तर बोलणं तिथेच थांबवावं.

जागा नको असेल तरी दोन ओळी लिहाव्यात. ओळखीबाहेरच्या माणसाला पाठवायचा इनमेल रिक्रूटरला मोजून मिळतो. 90 दिवसांत होकार किंवा नकार आला, तर खर्च झालेला इनमेल त्याला परत मिळतो. ‘सध्या पुणे सोडायचं नाही, पण चाकण-रांजणगावात सप्लायर क्वालिटीचं काम निघालं तर जरूर कळवा’ एवढं लिहिलं, की पुढच्या वेळी काय घेऊन यायचं हे त्याला कळतं.