कापड किती आणू?

डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलं की वहिनीचा निरोप येतो, "भावजी, ह्यांच्या कुर्त्याला तिकडचं कापड आणा." या वेळी तिने शिंपीदादांच्या चिठ्ठीचा फोटोही धाडला. इथल्या दुकानात कापड वारावर मिळतं, पुण्याचा शिंपी मीटरमध्ये बोलतो आणि चिठ्ठी इंचात असते. कमी पडलं तर त्याच रंगाचा ताका पुन्हा सापडेलच असं नाही, म्हणून हिशेब निघण्यापूर्वीच केलेला बरा.

चिठ्ठीवर होतं: लांबी ४०, छाती ४२, पोट ४१, सीट ४३, खांदा १८, बाही २४, गळा १६. फोटोतून फक्त आकडे वाचायचे. कागद तिरका असतो, त्यामुळे फोटोवरून काही मोजायला जाऊ नये. खरा प्रश्न वेगळाच आहे: छातीचे ४२ हे अंगाचं माप की तयार कपड्याचं? कुर्ता अंगाला चिकटत नाही, छातीला सुमारे ६ इंच सैल असतो. ४२ अंगाचं असेल तर कुर्ता ४८ चा होणार. तयार कपड्याचं असेल तर ते ६ इंच आधीच त्यात धरलेले असतात. चिठ्ठी हे सांगत नाही. दादाचा नीट बसणारा जुना कुर्ता पलंगावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगितलं. २४ भरले. म्हणजे घेर ४८, आणि चिठ्ठीतलं माप अंगाचं. (काही शिंपी छाती निम्मी लिहितात. मोठ्या माणसाच्या चिठ्ठीत छाती २४ दिसली की ओळखावं.) त्याच कुर्त्याची बाही दंडापाशी दुमडलेली ९½ भरली.

आता तुकडे बेतू. पुढचा व मागचा भाग प्रत्येकी छातीला २४, दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया, म्हणजे २६. खाली घेर थोडा वाढतो, तो २८ धरू. लांबी ४०, त्यात खांद्याची शिवण अर्धा इंच आणि खालची दुमड दीड इंच मिळवून ४२. बाही उघडली की १९, मायेसह २०. लांबी २४ अधिक २, म्हणजे २६.

यापुढे सगळं पन्ह्यावर. इथलं साधं सुती कापड ४४ इंची पन्ह्याचं असतं. त्यात २८ चा एकच भाग बसतो आणि शेजारी १६ इंचांची पट्टी उरते. २० ची बाही त्यात मावत नाही. म्हणून पुढचा भाग, त्याखाली मागचा, त्याखाली दोन बाह्या शेजारी-शेजारी (४० इंच) असं मांडावं लागतं. ४२ + ४२ + २६ = ११० इंच. गळपट्टी, खिसे उरलेल्या पट्टीतून सहज निघतात.

५८ च्या पन्ह्यात चित्र पालटतं. २८ आणि २८ मिळून ५६; काठ सोडून ५७ वापरता येतात, म्हणजे दोन्ही भाग शेजारी मावतात. ४२ + २६ = ६८ इंचांत काम भागतं. पण इथे एक खाच आहे. छाती ४६ असती, तर प्रत्येक भाग ३० चा झाला असता, दोन मिळून ६०, आणि ते शेजारी बसलेच नसते. मग एकाखाली एक ठेवून ८४ इंच लागले असते. बाह्या मात्र बाजूच्या २८ च्या पट्टीत मावल्या असत्या. छाती ४ इंचांनी वाढली आणि कापड एकदम १६ इंचांनी! म्हणूनच 'साधारण दोन वार पुरतात' हा दुकानातला सल्ला एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला नाही.

पन्हा ३६ चा असेल, जसा खादीत आढळतो, तर दोन सरळ बाह्या शेजारी मावत नाहीत. मनगटाकडे बाही १२ पर्यंत निमुळती होते, त्यामुळे एक उलटी ठेवली की जेमतेम बसतात आणि लांबी ११० च राहते. मात्र छापावर एका दिशेने वर जाणारी वेल असेल, तर एका बाहीवर ती उलटी दिसेल. तिथे बाह्या एकाखाली एक, म्हणजे १३६ इंच.

आटणं राहिलं. न धुतलेल्या सुती कापडाला मी शेकडा ४ धरतो. ११० ला ०.९६ ने भागलं की सुमारे ११५ इंच येतात. ३६ इंचांचा वार, म्हणजे सव्वातीन वार, मीटरमध्ये २.९, शिंप्याला सांगताना ३. ५८ च्या पन्ह्याला ७१ इंच, म्हणजे दोन वार. शिवायला देण्यापूर्वी कापड धुऊन घ्यायला मात्र वहिनीला बजावलं, नाहीतर ही वाढ कुर्त्यातच शिवली जाते आणि पहिल्या धुण्यानंतर लांबी ३८ वर येते.

चौकडीचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर चौकडी जुळावी लागते. एकाखाली एक बेतताना दर तुकड्यामागे एका चौकडीची लांबी जास्त धरावी. दादाला चौकडी आवडते. दोन इंची चौकडी म्हणून मी ४४ च्या पन्ह्याचं साडेतीन वार घेतलं.