‘जरा नीट करून द्या’

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं: जरा नीट करून द्या. स्टुडिओवाल्याचा पहिला प्रश्न असतो, कशासाठी? समजा, उत्तर आलं अमेरिकेच्या व्हिसासाठी. मग फोटो 2 बाय 2 इंच चौकोनी लागतो, पार्श्वभूमी पांढरी, आणि हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतची उंची 25 ते 35 मिलिमीटर. चष्मा चालत नाही.

आलेला फोटो मात्र आधीच 35 बाय 45 मिलिमीटरला कापलेला असतो. चेहरा मापात बसवला, तर रुंदी 51 मिलिमीटर भरत नाही; दोन्ही बाजूंना खांदेच नसतात. पांढरा रंग भरता येतो, खांदे कुठून आणणार? म्हणून न कापलेला मूळ फोटो मागवावा, तोही डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला, नाहीतर बारकावे जातात.

मागची निळी भिंत पुसून पांढरी करणं मला पटत नाही. मोठं करून पाहा, केसांच्या कडेला निळसर रेघ उरते किंवा कान अर्धा कापला जातो. शिवाय फेरफार केलेला फोटो नाकारला जाऊ शकतो. त्यापेक्षा पांढऱ्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभं राहून, खिडकीकडे तोंड करून नवा काढावा. भिंतीवर सावली पडत नाही. सेल्फी नको, नाक मोठं दिसतं.