मीटिंग ‘इज’ की ‘वॉज’?

‘आय थॉट द मीटिंग इज टुडे.’ गुरुवारच्या बैठकीला बुधवारीच हजर झालेला मराठी माणूस हे बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीला इथे ‘वॉज’ लागतो. पण मराठी मन ‘वॉज’ला बिचकतं, आणि त्याला कारण आहे. ‘मला वाटलं, मीटिंग आज होती’ असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याला सहसा वाटेल की मीटिंग होऊन गेली.

दोन्ही भाषा काळ मोजतात, पण वेगवेगळ्या जागी उभ्या राहून. मराठीत ‘वाटलं’ म्हटलं की आपण त्या वाटण्याच्या क्षणाशी जाऊन उभे राहतो. त्या क्षणी मनात होतं ते ‘मीटिंग आज आहे’, म्हणून ‘आहे’ तसंच राहतं. इंग्रजी वक्ता मात्र बोलण्याच्या क्षणावरून हलत नाही. ‘थॉट’ भूतकाळात गेलं की त्याला जोडलेलं ‘इज’ही ते मागे ओढून ‘वॉज’ करतं. हा ‘वॉज’ मीटिंग संपल्याचं सांगत नाही. तो ‘थॉट’च्या सोबतीने आलेला असतो. ‘मला वाटलं तो येईल’ याचंही तसंच: इंग्रजीत ‘विल’ नव्हे, ‘वुड’.

या सोयीची किंमत इंग्रजीही मोजते. ‘शी सेड शी वॉज इल’ यात ती बोलताना आजारी होती की त्याआधी, हे वाक्यावरून नक्की कळत नाही. आधीचं आजारपण स्पष्ट करायचं तर ‘हॅड बीन’ आणावं लागतं. मराठीत ‘आजारी आहे म्हणाली’ आणि ‘आजारी होती म्हणाली’ एवढ्यावर काम भागतं.

शाळेत ‘इज’चं ‘वॉज’ करा, ‘विल’चं ‘वुड’ करा, असा तक्ता पाठ करून घेतात. पण ‘ही सेड द मीटिंग इज ॲट फोर’ हे वाक्य चालतं, हे त्या तक्त्यात बसत नाही. इथला ‘इज’ दोन ठिकाणी खरा ठरावा लागतो: तो बोलला तेव्हाही आणि आपण सांगतो आहोत तेव्हाही. चारची मीटिंग अजून व्हायची असेल, तर अडचण नाही. ती पाचला ढकलली गेल्याचं कळलं असेल, तर मात्र ‘वॉज’च हवा.

आता बुधवारच्या माणसाचं वाक्य का खटकतं ते दिसेल. ‘आय थॉट’ म्हणतानाच तो आपला समज चुकीचा होता हे मान्य करतो, आणि लगेच ‘इज’ म्हणून त्याच समजाला आजचा दाखला देतो.

भूतकाळामागे आलेलं प्रत्येक ‘इज’ मात्र बदलायचं नसतं. ‘आय मेट अ मॅन हू लिव्ह्ज इन नाशिक’ हे अगदी बरोबर आहे. तो नाशिकला राहतो हे कुणाच्या मनातलं किंवा तोंडचं नाही, ती बोलणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली माहिती आहे.