नदीपलीकडचा मनोरा

सूर्य ४५ अंशांवर असताना मनोऱ्याची सावली त्याच्या उंचीइतकीच पडते. ती मोजली की काम झालं. पण मनोरा नदीपलीकडे असेल तर? समजा, ऐलतीरावरून त्याच्या टोकाचा उन्नत कोन ६० अंश भरला आणि सरळ २० मीटर मागे गेल्यावर ३०. पाठ्यपुस्तक इथे दोन समीकरणं मांडतं. खरं तर त्यांची गरज नाही. दोन्ही जागा आणि टोक यांचा त्रिकोण समद्विभुज होतो, म्हणून तीरापासून टोकापर्यंतची तिरकी रेषाही २० मीटरच. तिला साइन ६०° म्हणजे ०.८६६ ने गुणलं की १७.३ मीटर. त्यात डोळ्यांची दीड मीटर उंची मिळवायची, मुलं ती हमखास विसरतात. टोकावरून खाली पाहताना हेच अवनत कोन होतात, पण ते आडव्या रेषेपासून मोजायचे, भिंतीपासून नव्हे. आणि ३० ऐवजी ३१ अंश वाचले, तर मनोरा मीटरभर उंच होतो.