उणीव एकीकडे, प्रश्न दुसरीकडे

पीएच.डी.चा आराखडा समितीपुढे गेला की सदस्यांची नजर आधी समस्या विधानावर जाते. पान-दीड पानाचा मजकूर. काय माहीत आहे, काय माहीत नाही, म्हणून आपण काय विचारणार आणि उत्तर मिळाल्यावर कोणाचे अडलेले काम पुढे सरकणार, एवढेच त्यात सांगायचे असते. बहुतेक मसुद्यांत हे सगळे असते, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो.

उदाहरणादाखल रचलेला हा मसुदा पाहा: ‘महाराष्ट्रात रक्तक्षय ही गंभीर समस्या आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये त्याचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. ऊसतोड महिलांवर पुरेसे संशोधन झालेले नाही. म्हणून बीड जिल्ह्यातील गरोदर ऊसतोड महिलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण अभ्यासले जाईल. यामुळे मातामृत्यू घटतील व महिलांचे सक्षमीकरण होईल.’

वाचताना कुठे ठेच लागत नाही. खरी अडचण हीच आहे.

संपादन करताना मी उलटीकडून, म्हणजे महत्त्वापासून, सुरुवात करायला सांगेन. मातामृत्यू घटतील, पण कशाने? रक्तक्षयाचा आकडा ४० टक्के निघाला काय किंवा ७० निघाला काय, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर उद्या सकाळी नेमके काय वेगळे करतील? लोहाच्या गोळ्या तर ते आजही देतातच. कोणतेही उत्तर आले तरी कोणाचाच निर्णय बदलत नसेल, तर चूक महत्त्वाच्या परिच्छेदात नसते, प्रश्नात असते.

मग उणिवेकडे यावे. ‘पुरेसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य कोणत्याही विषयाला चिकटवता येते, शिवाय इथे ते धोक्याचेही आहे. ऊसतोड महिलांच्या आरोग्यावर, विशेषतः गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर, बरेच लिहिले गेले आहे आणि समितीत ते वाचलेले कोणीतरी असतेच. सोपी चाचणी अशी: उणिवेचे वाक्य खोडा आणि पुढचा प्रश्न वाचा. प्रश्न तसाच उभा राहिला, तर ती उणीव नुसती शोभेची होती. आकड्यांचेही तेच. ४८ आणि ५४.२ हे राज्यातल्या सगळ्या महिलांचे आकडे आहेत. स्थलांतर करणाऱ्या गरोदर बाईबद्दल ते काहीच सांगत नाहीत. पार्श्वभूमी म्हणून एका वाक्यात राहू द्यावेत, पुरावा म्हणून नाही.

आता खरी उणीव शोधायची. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यायची असते. उसाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि चार-पाच महिने चालतो. चौथ्या महिन्यात गाव सोडलेल्या बाईच्या गोळ्यांचा बहुतांश काळ कोपीवर जातो. तिची नोंद मात्र गावच्या आशाताईच्या वहीत असते. वाटप गावी मोजले जाते. फडावर गोळी पोहोचते का आणि पोहोचली तर घेतली जाते का, हे लेखिकेला आधीच्या अभ्यासांत सापडले नाही, असे समजू. आता उणिवेला जागा आहे, काळ आहे, माणूस आहे.

प्रश्न याच शब्दांतून यायला हवा: ‘हंगामाच्या काळात बीडमधून स्थलांतरित झालेल्या गरोदर ऊसतोड महिलांना लोहाच्या गोळ्या कोठून व किती मिळतात आणि त्यांपैकी किती घेतल्या जातात?’ उणिवेतली नामे प्रश्नात जशीच्या तशी दिसतात की नाही, हे पेन्सिलीने अधोरेखित करून पाहावे. उणिवेत ‘स्थलांतरित गरोदर महिला’ आणि प्रश्नात ‘ग्रामीण महिला’ असे झाले, की धागा तुटलाच. भाषेत वैविध्य आणण्यासाठी प्रतिशब्द वापरण्याची शाळेतली सवय इथे नडते.

महत्त्वही आता आपोआप आवरते घेतले जाते. गोळ्या पोहोचतच नसतील, तर गाव सोडताना पूर्ण साठा हाती देणे किंवा कारखाना परिसरातल्या आरोग्य केंद्राशी नोंद जोडणे, हा उपाय. पोहोचूनही मळमळीमुळे किंवा पहाटेपासूनच्या तोडणीमुळे घेतल्या जात नसतील, तर साठा वाढवून उपयोग नाही. समुपदेशन आणि गोळीची वेळ बघावी लागेल. दोन उत्तरे, दोन वेगळे निर्णय. सक्षमीकरणाचे वाक्य खुशाल गाळावे. मातामृत्यूचेही गाळावे, कारण हा अभ्यास मृत्यू मोजतच नाही.

इतके केल्यावर पद्धतीच्या प्रकरणाला धक्का बसतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवडत नाही. जुन्या मसुद्यात प्रत्येकीचे हिमोग्लोबिन तपासायचे होते. नव्या प्रश्नाला रक्त लागत नाही; माता-बाल संरक्षण कार्डावरच्या नोंदी, उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि हंगामात दोनदा तरी फडावर जाऊन केलेली विचारपूस लागते.