कात्रणाच्या फोटोवरून बातमी लिहिताना

गावाकडची बातमी आता अनेकांच्या हाती येते ती वर्तमानपत्राच्या पानातून नव्हे, तर फोनवर आलेल्या कात्रणाच्या फोटोतून. त्यावरून कुणी मंडळाच्या वार्तापत्रासाठी बातमी लिहितो, कुणी ग्रंथालयाच्या वहीत नोंद करतो, दहावीची मुले बातमीलेखनाचा सराव करतात. काम ठरलेले असते: वर शीर्षक, खाली काय, कोण, कुठे, कधी आणि का या पाच प्रश्नांचा गोषवारा आणि मग बातमीचा मजकूर. लिहिण्याचा क्रम मात्र वेगळा ठेवावा. आधी गोषवारा करावा, त्यातून मजकूर लिहावा आणि शीर्षक सर्वांत शेवटी द्यावे.

नमुन्यादाखल एक कात्रण कल्पू. ‘ता. १३ (वार्ताहर) : वस्तीवरील गोठ्याला मंगळवारी मध्यरात्री आग लागली. आगीत दोन शेळ्या दगावल्या, कडबा व शेतीची अवजारे जळाली. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. ३ लाखांचे नुकसान झाल्याचे शेतकऱ्याने सांगितले. बुधवारी सकाळी तलाठ्यांनी पंचनामा केला.’ वर मोठ्या अक्षरांत ‘आगीचे तांडव’.

‘काय’ लगेच मिळते. ‘कोण’ म्हणताना फोटो आडवा येतो. अंधुक फोटोत पहिल्यांदा जातो तो अनुस्वार, आणि मराठीत त्या एका टिंबावर ‘शेतकऱ्याचे’ की ‘शेतकऱ्यांचे’ हे ठरते. नुकसान एकाचे की अनेकांचे, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहतो. पुढच्या ‘त्यांचा गोठा’वरूनही उलगडा होत नाही, कारण एका माणसालाही आपण आदराने ‘त्यांचा’च म्हणतो. म्हणून मजकुरात नावे किती आहेत ते मोजावे. आकड्यांत १ आणि ९, तसेच ३ आणि ६ यांची गफलत होते. तोच आकडा शीर्षकात किंवा चौकटीत पुन्हा आला असेल तर ताडून घ्यावा. पान आपल्याच हाती असेल तर त्याखाली काळा कागद ठेवून खिडकीच्या उजेडात, फोन पानाला समांतर धरून फोटो काढावा. म्हणजे मागच्या पानाची अक्षरे वर उमटत नाहीत.

सर्वांत फसवे उत्तर ‘कधी’चे. महिना आणि वर्ष बातमीत नसतेच. ते पानाच्या माथ्यावर छापलेले असते, आणि कात्रण कापताना नेमका तोच भाग जातो. म्हणून माथ्याच्या पट्टीचाही फोटो मागून घ्यावा. सुरुवातीची ‘ता. १३’ ही वार्ताहराने बातमी दिल्याची तारीख असते. आग १३ तारखेला लागली असे त्यावरून लिहिणे चूक. शिवाय मंगळवारची मध्यरात्र म्हणजे सोमवार संपतानाची की मंगळवार संपतानाची? उत्तराचा धागा शेवटच्या वाक्यात आहे. पंचनामा बुधवारी सकाळी झाला, तेव्हा मंगळवार संपतानाची रात्र असण्याचीच शक्यता अधिक. पण शेवटची ओळ फोटोत बऱ्याचदा अर्धी तुटलेली असते. तसे असेल तर ‘मंगळवारी मध्यरात्री’ हे मूळ शब्द तसेच ठेवावेत. आपल्या मनाने तारीख घालू नये.

‘का’ लिहिताना वाक्य आखडते आणि अन्याय होतो. ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ गोषवाऱ्यात ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ होऊन बसतो. अंदाज कुणाचा हे मूळ बातमीतही नाही, तेव्हा कारणापुढे ‘प्राथमिक अंदाज’ हे शब्द हवेतच. तीन लाखांचेही तसेच. तो आकडा शेतकऱ्याने सांगितलेला आहे, पंचनाम्यातला नव्हे. नुकसानभरपाईच्या अर्जासोबत असे लेखन जोडले गेले आणि दोन आकडे जुळले नाहीत, तर शंका त्या शेतकऱ्यावर येते. म्हणून कोणी सांगितले ते आकड्यासोबत राहिलेच पाहिजे. ‘कुठे’पुरते गावाचे नाव तालुक्यासह लिहावे, कारण एकाच नावाची गावे पुष्कळ आहेत. जे उत्तर कात्रणात नाही, तिथे ‘कात्रणात उल्लेख नाही’ असे स्पष्ट लिहावे.

मजकूर आपल्या शब्दांत लिहावा. सर्वांत महत्त्वाचे आधी, तपशील नंतर. ‘आगीचे तांडव’ हे शीर्षक उचलू नये, कारण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. गोषवाऱ्यात नसलेला एकही शब्द शीर्षकात नको. मग आपली बातमी अशी होते:

‘गोठ्याला आग, दोन शेळ्या दगावल्या

वस्तीवरील एका गोठ्याला मंगळवारी मध्यरात्री लागलेल्या आगीत दोन शेळ्या दगावल्या. कडबा आणि शेतीची अवजारेही जळाली. शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे. तीन लाख रुपयांचे नुकसान झाल्याचे शेतकऱ्याचे म्हणणे आहे. बुधवारी सकाळी पंचनामा झाला असून त्यातील आकडा कात्रणात नाही.’

त्याखाली वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, अंकाची तारीख आणि पान क्रमांक लिहावा.