हातच्याची रीत आणि ट्यूरिंगचे प्रतिपादन

दुसरीतल्या मुलास ३९९ मध्ये १ मिळवावयास सांगितले, तर ते उजवीकडून सुरुवात करते. नवात एक मिळविला की शून्य लिहावयाचे आणि हातचा एक घ्यावयाचा. पुढे पुन्हा नऊ, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. मग तीन येतो, त्याचे चार होतात आणि हातचा संपतो. उत्तर ४००. हे करताना त्या मुलास संख्या म्हणजे काय हे समजले असण्याची गरज नाही. नियम मोजके आहेत, कोणत्याही पायरीवर कल्पकता लागत नाही, आणि ठरावीक पायऱ्यांनंतर उत्तर हाती येते. ‘गणिताची रीत’ असे आपण शाळेत म्हणत आलो, ते नेमके हेच. या लेखात ‘रीत’ हा शब्द आम्ही याच काटेकोर अर्थाने वापरणार आहोत.

रीत असते हे सर्वांस ठाऊक होते; परंतु ‘रीत म्हणजे काय’ याची व्याख्या करण्याची निकड गणितज्ञांना विसाव्या शतकात भासली. १९२८ साली डेव्हिड हिल्बर्ट आणि विल्हेल्म ॲकरमान यांनी आपल्या तर्कशास्त्रावरील पुस्तकात एक प्रश्न मांडला. तर्काच्या चिन्हभाषेतील कोणतेही विधान दिले असता, ते सर्वत्र सत्य आहे की नाही हे ठरविणारी एखादी रीत सापडेल काय? यास निर्णयप्रश्न म्हणतात. उत्तर ‘होय’ असते, तर काम सोपे होते : रीत शोधावी आणि लोकांपुढे ठेवावी; ती रीतच आहे हे पाहणाऱ्यास कळतेच. परंतु उत्तर ‘नाही’ असेल तर? तेव्हा ‘आजवर कोणास सापडली नाही’ एवढे म्हणून भागत नाही. जगात संभवणाऱ्या यच्चयावत रीतींबद्दल बोलावे लागते, आणि त्यासाठी त्या साऱ्यांना सामावून घेणारी एक नेमकी चौकट हवी.

ही चौकट केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधील ॲलन ट्यूरिंग या तरुणाने १९३६ साली मांडली. त्याचे यंत्र कागदावरचेच होते. चौकोनांत विभागलेली एक लांब पट्टी; तिला हवी तेव्हा आणखी पट्टी जोडता येते. यंत्र एका वेळी एकच चौकोन पाहते, त्यातील चिन्ह बदलू शकते आणि एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकू शकते. त्याच्या मोजक्या ‘अवस्था’ असतात, आणि कोणत्या अवस्थेत कोणते चिन्ह दिसल्यास काय करावे याचा एक तक्ता असतो. याहून अधिक काही नाही. आपली हातच्याची रीत या यंत्रास शिकविण्यास एकच अवस्था पुरते. यंत्र संख्येच्या उजव्या टोकाच्या अंकावर उभे करावे. नऊ दिसल्यास शून्य लिहून एक घर डावीकडे सरकावे व त्याच अवस्थेत राहावे. शून्यापासून आठपर्यंतचा अंक दिसल्यास पुढचा अंक लिहून थांबावे. कोरा चौकोन दिसल्यास १ लिहून थांबावे. ३९९ वर हे यंत्र तीन पायऱ्यांत थांबते व पट्टीवर ४०० राहते. ९९ दिल्यास शेवटचा नियम कामी येतो आणि १०० मिळतात. ‘हातचा’ कोठेही वेगळा लिहिलेला नाही; यंत्र त्या अवस्थेत आहे, हाच हातचा होय.

बेरीज झाली, गुणाकारही होईल. पण माणूस कागद-पेन्सिलीने जे जे रीतीने करू शकतो ते सारे या दरिद्री यंत्रास जमेल, हे कशावरून? ट्यूरिंगच्या निबंधातील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते हाच आहे. त्याने यंत्राकडे न पाहता हिशेब करणाऱ्या माणसाकडे पाहिले. त्या काळी इंग्रजीत ‘कंप्यूटर’ म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. हा गणक लहान मुलांच्या चौकटींच्या वहीसारख्या कागदावर लिहितो. त्याची चिन्हे मोजकीच असणार. ती अगणित असती, तर काही चिन्हे एकमेकांसारखी इतकी दिसली असती की डोळ्यांस त्यांतील फरक कळलाच नसता. एका नजरेत त्यास मोजकेच चौकोन दिसतात. ९९९९९९९९९९९९९९९ आणि ९९९९९९९९९९९९९९९९ या दोन संख्या सारख्या आहेत की नाहीत, हे नुसते पाहून सांगता येत नाही. एकेक अंकावर टिंब देत जावे लागते. मनाच्या अवस्थाही मोजक्याच. याविषयी शंका येत असेल, तर असे समजा की गणक प्रत्येक पायरीनंतर उठून जातो, आणि पुढे काय करावयाचे याची चिठ्ठी ठेवतो. दुसरा कोणीही ती चिठ्ठी वाचून काम पुढे नेऊ शकतो. मग ‘मनाची अवस्था’ म्हणजे त्या चिठ्ठीवरचा मजकूर, आणि तो कागदावरच असतो. एवढे मान्य केले की गणकाची प्रत्येक पायरी यंत्राच्या काही पायऱ्यांत मोडता येते.

यावरून जे विधान निघते ते असे : रीतीने जे जे करता येते, ते सर्व कोणते तरी ट्यूरिंग यंत्र करू शकते. यासच ट्यूरिंगचे, किंवा चर्च–ट्यूरिंगचे, प्रतिपादन म्हणतात. यास प्रमेय का म्हणत नाहीत? प्रमेय सिद्ध करावयाचे तर त्यातील प्रत्येक शब्दाची नेमकी व्याख्या हाती असावी लागते. येथे विधानाची एक बाजू, म्हणजे ट्यूरिंग यंत्र, पूर्ण काटेकोर आहे. दुसरी बाजू, म्हणजे ‘रीत’, आपल्या अनुभवातून आलेली आहे. तिची व्याख्या करणे हाच तर खटाटोप होता. एक पाय गणिताच्या फरशीवर आणि दुसरा व्यवहाराच्या मातीत अशी ही स्थिती आहे. गणिताचा पुरावा फरशीच्या कडेपर्यंतच पोहोचतो. स्वतः ट्यूरिंगने निबंधात कबूल केले आहे की या बाबतीतील कोणताही युक्तिवाद अखेर अंतःप्रेरणेसच आवाहन करतो, आणि म्हणून गणिताच्या दृष्टीने काहीसा असमाधानकारकच राहतो.

त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या मार्गाने हीच गोष्ट मांडली होती, पण त्यांनी तीस ‘व्याख्या’ म्हटले. एमिल पोस्ट यांना हे रुचले नाही. व्याख्या म्हटली की चूक शोधण्याची वाटच बंद होते. हे तपासत राहावयाचे गृहीतक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हांस पोस्ट यांचे म्हणणे पटते, कारण हे विधान सिद्ध करता येत नसले, तरी खोटे ठरू शकते.

खोटे ठरणे म्हणजे काय, हे त्यापूर्वीच्या एका उमेदवारावरून दिसते. एक मिळवीत गेले की बेरीज होते, बेरीज करीत गेले की गुणाकार, गुणाकार करीत गेले की घात. अशा रीतींत ‘हे किती वेळा करावयाचे’ हे आरंभीच ठरलेले असते. यांना आदिम पुनरावर्ती रीती म्हणू. नित्याचे सारे हिशेब यांत बसतात, म्हणून सर्व रीती यांतच येत असाव्यात असे वाटणे स्वाभाविक होते. पण या साऱ्या रीतींची क्रमवार यादी करता येते : पहिली, दुसरी, तिसरी. आता एक नवी रीत पाहा. न ही संख्या दिली असता यादीतील न क्रमांकाची रीत काढावी, तीस न हीच संख्या द्यावी, आणि येईल त्या उत्तरात १ मिळवावा. कोणीही गणक हे काम करू शकेल, कारण यादीतील प्रत्येक रीत थांबतेच. तरीही ही रीत यादीत नाही. ती सातवी असती, तर सातास तिचे उत्तर स्वतःच्याच उत्तराहून एकाने अधिक आले असते. म्हणजे ती चौकट अपुरी. (ॲकरमान यांनीही १९२८ मध्येच ही उणीव दाखविली होती, मात्र त्यांचे उदाहरण वाढीच्या वेगावर आधारलेले होते.)

चर्च यांनी आपले मत प्रथम सांगितले, तेव्हा त्यांचा विद्यार्थी स्टीफन क्लीनी हेच शस्त्र घेऊन ते खोडावयास बसला. ट्यूरिंग यंत्रांच्या भाषेत त्याची अडचण अशी सांगता येते. यंत्रांचीही यादी करता येते, कारण तक्ते मोजक्या चिन्हांतच लिहिलेले असतात. पण काही यंत्रे कधीच थांबत नाहीत. ‘न क्रमांकाच्या यंत्रास न द्या आणि १ मिळवा’ हे काम करणारे यंत्रही त्याच यादीत असते. समजा, त्याचा क्रमांक ५०० आहे. त्यास ५०० दिल्यास ते स्वतःचेच उत्तर काढावयास लागते, त्यासाठी पुन्हा स्वतःचेच, आणि कधीच थांबत नाही. उत्तरच नाही, म्हणून विसंगतीही नाही. मग न थांबणारी यंत्रे आधीच वगळली तर? त्यासाठी यंत्र थांबेल की नाही हे ओळखणारी रीत हवी, आणि असे ओळखणारे ट्यूरिंग यंत्र असू शकत नाही, हे मात्र सिद्ध झालेले प्रमेय आहे. क्लीनी एका रात्रीत समर्थक बनला, आणि पुढे या विधानास ‘प्रतिपादन’ हे नावही त्यानेच दिले.

येथे एक सावधगिरी हवी. ओळखणारे यंत्र नाही, हे प्रमेय. ओळखणारी कोणतीच रीत नाही, हे मात्र पुन्हा प्रतिपादनावर टेकलेले आहे. तीच गोष्ट निर्णयप्रश्नाची. ट्यूरिंगने सिद्ध केले ते एवढेच की तो प्रश्न कोणतेही ट्यूरिंग यंत्र सोडवू शकत नाही. ‘म्हणून तो रीतीने सुटणारच नाही’ हे शेवटचे पाऊल पुराव्याने नव्हे, प्रतिपादनाने टाकले जाते.

चर्च यांची चौकट, ट्यूरिंगची चौकट आणि गोडेल यांनी १९३४ मध्ये मांडलेली चौकट, या तिन्ही नेमक्या तेवढ्याच रीती सामावतात, हेही सिद्ध झालेले आहे. हा पुरावा भक्कम वाटतो, पण तो फरशीवरच्याच तीन गोष्टींना जोडतो. तिघींतून एकच गोष्ट निसटली असण्याची शक्यता तो नाहीशी करीत नाही. गोडेल यांना चर्च यांची सूचना प्रथम अगदीच असमाधानकारक वाटली होती. त्यांची खात्री पटली ती ट्यूरिंगने केलेल्या गणकाच्या विश्लेषणामुळे. अलीकडे काही तर्कशास्त्रज्ञांनी गणकाविषयीची ती निरीक्षणे स्वयंसिद्ध तत्त्वे म्हणून लिहून काढली, आणि त्यांवरून प्रतिपादन रीतसर सिद्ध केले. तो पुरावा खरा आहे. मात्र त्यानंतर ‘ही तत्त्वे प्रत्येक रीतीस लागू पडतात काय’ हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा चौकटींच्या वहीवर वाकलेल्या माणसाकडे पाहूनच द्यावे लागते.